गप्प बसणारा नवरा शांत असतोच असं नाही



गेल्या वर्ष-दीड वर्षात माझ्या ओपीडीत एक नवीन प्रकार सुरू झाला आहे. पूर्वी पेशंट गुगलवरून कॅन्सरचं निदान करून यायचे, आता काही जण जोडीदाराचं निदान करून येतात. "डॉक्टर, माझा नवरा अव्हॉयडंट आहे," किंवा "बायको अँक्शस टाइपची आहे, तिला काहीतरी गोळी द्या." रील्सवर तीस सेकंदांत समजलेली ही नावं घरात शिवीसारखी वापरली जातात. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, जनरल फिजिशियन आहे. पण धडधड, अ‍ॅसिडिटी, बीपी, झोप उडणं या तक्रारी घेऊन ही जोडपी सर्वात आधी माझ्यासारख्याकडेच येतात, म्हणून या विषयात मला थोडं वाचावं लागलं आणि आता एक ठाम मत झालं आहे. ते तुमच्यापुढे मांडतो. मात्र आधी एक केस सांगतो. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

मेघना, वय ३३, नोकरी करणारी, चार वर्षांची एक मुलगी. तीन महिन्यांपासून छातीत धडधड. दोन ईसीजी, टूडी इको, टीएसएच, हिमोग्लोबिन सगळं करून झालेलं आणि सगळं ठीक. एकदा तर रात्री साडेअकराला भावाने तिला एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं होतं. तिथेही "टेन्शन घेऊ नका" एवढंच सांगून घरी पाठवलं. मी तिला विचारलं, "त्या दिवशी संध्याकाळपासून काय काय झालं ते क्रमाने सांगा."

संध्याकाळी ६.४० ला तिने नवऱ्याला, समीरला, मेसेज केला की येताना दूध आण आणि किती वाजता येतोस. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. सातला परत मेसेज. साडेसातला फोन, उचलला नाही. आठपर्यंत तिच्या मनात अपघातापासून ऑफिसातल्या कुणा बाईपर्यंत सगळं येऊन गेलं होतं. समीर पावणेदहाला आला, दूध न घेता. तिने विचारलं, कुठे होतास? "काही नाही, काम होतं." मग ती म्हणाली, "तुला माझी काडीचीही किंमत नाही." तो काही बोलला नाही, ताट घेऊन आतल्या खोलीत गेला. ती मागे गेली. तो मोबाइल बघायला लागला. तिने मोबाइल ओढला. त्याने गाडीची किल्ली घेतली आणि बाहेर पडला. तिने चौदा कॉल केले, पंधराव्याला फोन बंद. मग हातपाय गार, छातीत धडधड, श्वास पुरेना, आणि भावाला फोन. समीर साडेबाराला परत आला आणि सरळ झोपला.

तुमच्यापैकी अनेकांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. काही घरांत बाई आणि पुरुष यांच्या जागा उलट असतात, क्रम मात्र तोच. एक जण मागे लागतो, दुसरा मागे सरतो. पहिला जेवढा मागे लागतो तेवढा दुसरा सरतो, आणि दुसरा सरला की पहिला आणखी जोरात मागे लागतो.

आता या नावांचा उगम बघू, कारण तो नवरा-बायकोत नाही, लहान मुलांत आहे. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने मांडलं की बाळाला आईजवळ राहण्याची गरज ही दुधाच्या गरजेइतकीच मूळची आहे. भीती वाटली की मूल जवळच्या माणसाकडे धावतं, धीर आला की पुन्हा खेळायला जातं. मेरी एन्सवर्थ हिने आधी युगांडात आणि मग अमेरिकेत बाल्टिमोरला घरोघरी जाऊन आया आणि बाळं यांचं निरीक्षण केलं. नंतर तिने एक छोटा प्रयोग तयार केला. साधारण एक वर्षाचं मूल, अनोळखी खोली, खेळणी. आई काही मिनिटं बाहेर जाते आणि परत येते. बघायचं ते मूल आई गेल्यावर किती रडतं हे नाही, ती परत आल्यावर काय करतं हे.

बरीच मुलं आईकडे जातात, कुशीत शिरतात, शांत होतात. काही मुलं आईला घट्ट धरतात आणि त्याच वेळी तिला ढकलतातही. कडेवर घेतलं तरी रडणं थांबत नाही, जणू ही पुन्हा जाणार याची खात्री आहे. आणि काही मुलं आई आली तरी तिच्याकडे बघतही नाहीत, खेळण्यात मग्न. बघणाऱ्याला वाटतं, किती शहाणं, किती स्वावलंबी मूल आहे.

१९७७ मध्ये स्रूफ आणि वॉटर्स या संशोधकांनी या प्रयोगात मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले. त्या "शहाण्या" मुलांचे ठोकेही वाढलेले होते. खेळण्याकडे नजर, चेहऱ्यावर काही नाही, आणि आत हृदय धावतंय. मोठ्या माणसांबाबतही असंच दिसलं. १९९२ मध्ये डोझियर आणि कोबॅक यांनी तरुण मुलामुलींना आईवडिलांपासून दुरावण्याबद्दल, नाकारलं जाण्याबद्दल प्रश्न विचारले आणि त्याच वेळी हाताच्या त्वचेवरच्या घामाचं विद्युत मापन केलं. जे "छे, तसं काही विशेष नव्हतं" अशा थाटात उत्तरं देत होते, त्यांच्या शरीरातला ताण नेमका अशा प्रश्नांना वाढत होता.

फिजिशियन म्हणून मला या विषयातली ही सर्वात मोलाची गोष्ट वाटते. चिंतातुर माणसाची धोक्याची घंटा सगळ्यांना ऐकू येते, कारण ती तो मोठ्याने वाजवतो. टाळणाऱ्या माणसाची घंटाही वाजत असते, फक्त त्याने ती लहानपणीच उशीखाली दाबायला शिकून घेतलेलं असतं. घंटा वाजवून कुणी येत नव्हतं, किंवा आलं तर "एवढ्याशा गोष्टीला काय रडतोस" म्हणत होतं, मग वाजवायची कशाला? चिंतातुर मुलाचा अनुभव वेगळा. त्याच्याकडे कुणीतरी कधी यायचं, कधी नाही. अशा ठिकाणी घंटा अधिक जोरात वाजवणं हाच शहाणपणा ठरतो. दोन्ही सवयी त्या त्या घरात उपयोगी पडलेल्या असतात.

इथे आयांना आरोपी करायचं कारण नाही, हे मुद्दाम सांगतो. आईचं दीर्घ आजारपण, पाठोपाठ झालेली भावंडं, घरातलं दारिद्र्य, लवकर वसतिगृहात जावं लागणं, अशा कितीतरी गोष्टी यात असतात. आपल्याकडे तर मूल आजी, काकू, आत्या यांच्या हातांवरही वाढतं. शिवाय लहानपणीची सवय आणि मोठेपणीचं वागणं यांचं नातं अगदी ढिलं आहे. पुढची मैत्री, लग्न, एखादा चांगला शिक्षक यांनी ती बदलते. मोठ्यांमध्ये हे मोजतात तेही दोन पट्ट्यांवर. एक पट्टी सोडून जाण्याच्या भीतीची, दुसरी जवळिकीने गुदमरण्याची. बहुतेक लोक दोन्ही पट्ट्यांवर मध्ये कुठेतरी असतात. म्हणून "तो अव्हॉयडंट आहे" हे वाक्य "तो डायबेटिक आहे" यासारखं नाही. हा आजार नाही आणि याचा कट-ऑफ नाही.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. ही सवय रोज दिसत नाही, घंटा वाजली की दिसते. सिम्प्सन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये एक प्रयोग केला. जोडप्यातल्या मुलीला सांगितलं की थोड्या वेळाने तुम्हाला एका ताण देणाऱ्या प्रयोगाला सामोरं जायचं आहे, आणि दोघांना बाहेर थांबवलं. तो प्रयोग प्रत्यक्षात होणारच नव्हता. बघायचं होतं ते त्या थांबण्याच्या काही मिनिटांत काय घडतं. मुलगी जेवढी जास्त घाबरली तेवढा सुरक्षित मनाच्या मुलांनी जास्त आधार दिला, आणि टाळण्याकडे कल असलेल्या मुलांनी कमी. भीती थोडी होती तिथे ती मुलं काही वाईट वागली नव्हती. मेघनाचंही हेच म्हणणं होतं. "डॉक्टर, फिरायला गेलो की हा इतका छान असतो. मला गरज पडली की नेमका भिंत होतो." तिला ते ढोंग वाटत होतं. ते ढोंग नव्हतं.

समीरला मी पुढच्या वेळी बोलावून घेतलं. वय ३६, कारखान्यात इंजिनिअर. तो स्वतःच्या अ‍ॅसिडिटीसाठी म्हणून आला. बीपी १४६/९४. खुर्ची किंचित दाराकडे वळवून बसला होता. मी बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावला, ठोके ७८. ऑक्सिमीटर तसाच ठेवून मी मेघनाला म्हटलं, त्या रात्रीचं पुन्हा सांगा. ती सांगायला लागली, आवाज चढत गेला. समीर समोरच्या कॅलेंडरकडे बघत होता, चेहरा दगडासारखा. तिसऱ्या मिनिटाला ठोके ११२. मी काही न बोलता तो आकडा मेघनाला दाखवला. ती बोलायची थांबली. मग म्हणाली, "मला वाटलं याला काहीच होत नाही."

समीर बऱ्याच वेळाने बोलला. "ही बोलायला लागली की डोक्यात काही येतच नाही डॉक्टर. कानात नुसतं सूं होतं. काहीही बोललो तर चुकेल असं वाटतं." त्या दिवशी संध्याकाळी त्याला साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं होतं आणि तो दोन तास गाडीत बसून होता. निळ्या टिकांमागची खरी गोष्ट ही. "मग सांगायचं ना मला!" मेघना म्हणाली. सातव्या वर्षापासून तो वसतिगृहात राहिला. वाईट दिवस कुणाला सांगायचा असतो, ही कल्पनाच त्याच्या डोक्यात नव्हती. मेघनाची आई ती लहान असताना बरीच वर्षं आजारी होती. शाळेतून आल्यावर आई हसत दार उघडेल की अंधाऱ्या खोलीत पडलेली असेल हे तिला दप्तर उतरवेपर्यंत कळत नसे. चेहऱ्यावरची रेघ न् रेघ वाचायला ती तेव्हा शिकली. आता गप्प चेहरा तिला वाचता येत नाही, आणि वाचता न येणारा चेहरा तिच्यासाठी सर्वात भीतीचा.

आता माझं मत. अशा जोडप्यांना सगळीकडून मिळणारा सल्ला म्हणजे "त्याला स्पेस दे". हा सल्ला अर्धा आहे आणि अर्धा असल्यामुळे घातक आहे. मी स्वतः ही चूक केली आहे. काही वर्षांपूर्वी एका बाईंना मी असंच सांगितलं, जरा मोकळं सोडा त्यांना. त्यांनी प्रामाणिकपणे पंधरा दिवस एक शब्द विचारला नाही. नवऱ्याला वाटलं प्रश्न मिटला, तो अकरा वाजता घरी यायला लागला. सोळाव्या दिवशी घरात जो स्फोट झाला त्यानंतर त्या माहेरी निघून गेल्या. मागे सरणाऱ्याला वेळ हवा हे खरंच. पण मागे लागणाऱ्याच्या शरीराला "वेळ" आणि "सोडून गेला" यांतला फरक कळतच नाही, जोपर्यंत परत येण्याची वेळ सांगितलेली नाही.

वेळ का हवा याचं कारण शरीरात आहे. जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने जोडप्यांना प्रयोगशाळेत भांडायला लावून त्यांचे ठोके मोजले. ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की माणूस समोरच्याचं नीट ऐकूच शकत नाही, असं त्याचं म्हणणं. रक्तातलं अ‍ॅड्रिनलिन उतरायला किमान वीस मिनिटं तरी तो धरतो. त्याने काही जोडप्यांना यंत्र नीट करायचंय असं सांगून अर्धा तास मासिकं वाचायला दिली. परत बोलायला बसले तेव्हा ठोके उतरलेले होते आणि बोलणं बरं झालं. मात्र त्या अर्ध्या तासात भांडणाचा विषय काढायचा नव्हता, हे विसरू नका. गच्चीवर जाऊन "ती असं म्हणाली तर मी तसं म्हणेन" याची तालीम केली तर ठोके उतरत नाहीत.

समीर आणि मेघनाला मी कागदावर लिहून दिलं. दोघांपैकी कुणीही "थांबू" म्हणू शकतं, पण म्हणणाऱ्याने घड्याळातली वेळ सांगायची. "नंतर बोलू" चालणार नाही, "साडेदहाला बोलू" असं हवं. कमीत कमी अर्धा तास, आणि त्याच दिवशी. फोन चालू ठेवायचा. ज्याने थांबवलं त्यानेच परत येऊन विषय काढायचा. समीरसाठी सर्वात अवघड हेच होतं. परत आल्यावर एक खरं वाक्य बोलायचं, उत्तर किंवा सफाई नको, फक्त आत काय झालं ते. मेघनाने तोपर्यंत मागे जायचं नाही, मेसेज करायचा नाही. आणि सुरुवात "तुला किंमत नाही" याऐवजी तिच्या भीतीपासून करायची.

पहिला आठवडा साफ फसला. समीर "दहाला बोलू" म्हणाला आणि झोपला. मेघना १०.०१ ला दारात उभी. दुसऱ्या आठवड्यात तो वेळेवर आला, समोर बसला आणि त्याला वाक्यच सुचेना. दहा मिनिटं दोघं नुसते बसून होते. मेघना मला म्हणाली, "पण तो आला डॉक्टर." तिच्या मते त्या रात्री पहिल्यांदा तिला धडधड न होता झोप लागली. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात त्याने संध्याकाळी सहाला मेसेज केला: "आज डोकं खराब आहे. नऊला येतो. तुझ्यामुळे नाही." हे शेवटचे दोन शब्द तिच्यासाठी कुठल्याही गोळीपेक्षा प्रभावी ठरले. मी तिला प्रोप्रानोलॉल दिलं होतं, तेही लहान डोसमध्ये. ते दीड महिन्यात थांबवलं.

सगळ्यांचं असं जमत नाही. दोघं मिळून सहा-आठ आठवड्यांत काहीच हलत नसेल तर जोडप्यांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जा. भावनाकेंद्रित पद्धतीने काम करणारे मिळाले तर उत्तम, ती पद्धत याच चक्रावर काम करते. आठवड्यातून अनेकदा अचानक धडधड, मरणाची भीती असं होत असेल तर तो पॅनिक डिसऑर्डर असू शकतो, त्याला स्वतंत्र उपचार लागतात. पूर्वी बोलका असलेला माणूस अलीकडे गप्प झाला असेल, जेवणात, कामात, कशातच रस नसेल तर डिप्रेशन तपासा, त्याला अव्हॉयडंट म्हणू नका. दारू असेल तर आधी दारूचं बघा.

आणि एक फरक नीट ओळखा. घाबरून गप्प होणं वेगळं आणि शिक्षा म्हणून धरलेला अबोला वेगळा. पहिल्यात ठोके उतरले की माणूस आपणहून थोडा जवळ येतो, चहा ठेवतो, मुलीला झोपवतो, काहीतरी करतो. दुसऱ्यात तो तुमच्या माफीची वाट बघत दिवसचे दिवस काढतो, आणि घरातल्या इतरांशी हसून बोलतो. तसंच, मारहाण, पैशांवर ताबा, फोन तपासणं, माहेरी जाऊ न देणं या गोष्टींना अटॅचमेंट स्टाइलचं गोड नाव देऊ नका. तिथे वरचा कागद उपयोगाचा नाही, तिथे सुरक्षिततेसाठी मदत घ्यावी लागते. मला एकटीने भेटलेल्या पेशंटला मी हे आधी विचारतो, जोडीदाराला नंतर बोलावतो.

समीर मागच्या महिन्यात बीपी दाखवायला आला होता. १२८/८४, मीठ कमी केलंय म्हणाला. जाता जाता दारात थांबला आणि विचारलं, "डॉक्टर, ते बोटाला लावायचं मशीन केवढ्याला मिळतं?" मी म्हटलं, कशाला? म्हणाला, "मुलगी हल्ली पडली तरी रडत नाही. मेघना म्हणते माझ्यावर गेलीय." मी त्याला सांगितलं, मशीन नको, पडली की उचलून घ्या आणि लागलं का विचारा.